मोजणीच्या दिवशीचा जबाब

नर्सबाईंना कागदाशिवाय काही खरं वाटत नसे, आणि त्यात त्यांचा दोष तरी काय? तेहतीस वर्षं आरोग्य केंद्रात काढलेली बाई. तिथे ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही. इंजेक्शन दिलं पण रजिस्टरात लिहिलं नाही, म्हणजे दिलं नाही. मूल जन्मलं, रडलं, सगळ्या वॉर्डानं ऐकलं, तरी वेळ लिहिली नसेल तर डॉक्टर विचारणार, जन्मलं कधी? अशा नोकरीतून निवृत्त होऊन बाई एकट्या नवऱ्याच्या शेतावर राहायला आल्या. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, सासरे त्याच्याही आधी गेले होते, मुलगा लांब नोकरीला. आणि शेतावर, खरं सांगायचं तर, निम्मा कारभार तोंडावरच चालतो.

आल्याबरोबर त्यांनी विहिरीभोवती साठ लिंबोणीची झाडं लावली. तीन वर्षं पोटच्या पोरासारखी सांभाळली. विहीर जुनी, सासऱ्यांनी खोदलेली, आणि तिचं पाणी कधी आटलं नव्हतं. बाकीचं शेत कोरडवाहू, पिकलं तर पिकलं. म्हणजे बाईंचं उरलेलं आयुष्य काय ते त्या विहिरीवर आणि त्या साठ झाडांवर होतं. हे त्यांना ठाऊक होतं, आणि शेजाऱ्यालाही ठाऊक होतं.

शेजारी म्हणजे आप्पा. ऐंशीच्या पुढचे, सासऱ्यांचे जुने सोबती, बाईंना 'सूनबाई' म्हणणारे. आप्पांशी काही भांडण नव्हतं. होतं ते त्यांच्या थोरल्या मुलाशी. थोरला ट्रॅक्टर चालवायचा, आणि ट्रॅक्टरच्या चाकाला दुसऱ्याचा बांध दिसला की खाज सुटते म्हणतात ना, तशातली गत. दर नांगरटीला थोडा थोडा बांध कोरायचा. पहिल्या वर्षी बाईंनी दुर्लक्ष केलं. दुसऱ्या वर्षी बोलल्या. तिसऱ्या वर्षी बांधावरून बैल जायचा तिथे शेळी जाईना, तेव्हा त्यांनी थोरल्याला ट्रॅक्टरवरून खाली उतरवलं.

'काकू, वीतभर मातीसाठी कशाला ओरडताय?' थोरला म्हणाला.

'वीतभर तुझी दे मला, मग नाही ओरडत. मी सरकारी मोजणी आणते. मग कळेल कोणाची वीत कुठे आहे ते.'

त्यात बाईंचं काय चुकलं? काही नाही. बांध कोरला होताच. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते ऐकून लोक बाईंनाच शहाणपण शिकवतात.

दोन दिवसांनी आप्पा काठी टेकत आले. ओसरीवर बसले, पाणी प्याले, आणि म्हणाले, 'सूनबाई, मोजणी आणू नकोस. पोराला मी सांगतो, बांध परत घालून देईल.'

'का बरं? मोजणीची भीती कशाला?'

'भीती मला नाही, तुझी वाटते.' आप्पांनी काठी दोन्ही हातांत धरली. 'ही विहीर आहे ना, ती माझ्या जागेत आहे. कागदावर. तुझ्या सासऱ्यानं मला रस्त्याकडचा तुकडा दिला, मी त्याला हा खोलगट तुकडा दिला, पाणी लागेल म्हणून. वीस गुंठ्याला वीस गुंठे. त्याचा तुकडा माझ्या नावावर रीतसर झाला, कारण मला तिथे गोठा बांधायचा होता. माझा त्याच्या नावावर करायचा राहिला. त्यानं विहीर खोदली, आम्ही पुढच्या महिन्यात करू म्हणत राहिलो, आणि तो गेला. चाळीस वर्षं झाली. कुणी विचारलं नाही, मीही बोललो नाही.'

बाई हसल्या. आता हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण त्यांना वाटलं म्हातारा गोष्ट रचून आलाय. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय?

'रस्त्याकडचा तुकडा सासऱ्यांनी तुम्हाला विकला. खरेदीखत आहे माझ्याकडे. त्यात अदलाबदल असा शब्दसुद्धा नाही.'

'नाहीच. खर्च कमी यावा म्हणून तसं केलं. चल, आपण दोघं जाऊ निबंधकाच्या कचेरीत. तुकडा तुझ्या नावावर करून देतो, मग तुला काय मोजायचं ते मोज.'

'म्हणजे मी कुठेतरी सही करायची?'

'सही तर करावीच लागेल.'

'आप्पा, माझ्या सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे. माझ्या. तुमच्या नाही.'

आप्पांनी काठी जमिनीवर टेकली. मग म्हणाले, 'बघ बाई,' आणि उठले. त्या दिवसापासून बाईंची खात्रीच झाली की पाणी मुरतंय ते आप्पांच्या बाजूला.

भूमी अभिलेख कचेरी तालुक्याला, दुसऱ्या मजल्यावर. भिंतीला कपाटं, कपाटांवर कापडात बांधलेले गठ्ठे, आणि एका टेबलाचा पाय कमी पडला म्हणून त्याखाली जुनं रजिस्टर. बाईंनी वाकून त्या रजिस्टरावरचं साल वाचलं. कारकून मात्र भला माणूस निघाला. चष्मा कपाळावर चढवून त्यानं एकेक विचारलं.

'कशासाठी मोजणी? पोटहिस्सा, बिनशेती, की हद्द कायम?'

'शेजारी बांध कोरतो.'

'मग हद्द कायम. ताजा सातबारा, तीन महिन्यांच्या आतला. सातबाऱ्यावर आणखी कुणाचं नाव?'

'मुलाचं.'

'मग त्याचीही सही. चारी बाजूंच्या लगतच्या खातेदारांची नावं आणि पत्ते, खरे लिहा. त्यांना नोटीस जाते, आणि नोटीस पोचली नाही तर मोजणी अडते. शेताचा हातानं काढलेला कच्चा नकाशा. फी चलनानं. नियमित की द्रुतगती?'

'नियमित चालेल. मला घाई नाही, खरं काय ते कळू दे.'

कारकुनानं सातबारा डोळ्यांजवळ धरला. 'क्षेत्र इतकं. प्रत्यक्ष ताब्यात किती?'

'कमीच असणार. तो कोरतोय ना.'

'मोजलंय कधी?'

'मोजायलाच तर आले तुमच्याकडे.'

कारकून हसला. 'एक सांगू, बाई? सातबारा सांगतो किती. कुठे, ते आमचा नकाशा सांगतो. विहिरीची नोंद आहे म्हणता, पण ती तलाठी घेतो, पाणी कोण उपसतंय ते बघून. मोजणी तुमच्या बाजूची नसते, शेजाऱ्याच्या बाजूची नसते. मोजणी नकाशाच्या बाजूची असते.'

'मला तेच पाहिजे,' बाई म्हणाल्या. त्यांना ते वाक्य इतकं पटलं की जिना उतरताना त्यांनी ते दोनदा मनात म्हटलं.

मुलानं सही करून कागद पाठवला. फोनवर एकदाच म्हणाला, 'आई, आप्पा काय म्हणतात ते तरी ऐकायचंस.' बाई म्हणाल्या, 'तू सही कर.' आता हात दाखवून अवलक्षण ते हेच, पण वेळेवर कुणाला सुचतं?

तारीख लागायला साडेतीन महिने गेले. नोटीस आली. चारी बाजूच्या लोकांनाही गेली. नोटिशीत लिहिलं होतं, अर्जदारानं हद्दीच्या खुणांसाठी दगड, चुना आणि मजूर तयार ठेवावेत. बाईंनी वीस दगड घडवून आणले, एका रांगेत लावले, दोन मजूर सांगितले. सातबारा, खरेदीखत, चलनाची पावती, सगळं फाईलीत क्रमानं लावलं आणि क्रमांक घातले.

भूकरमापक बुधवारी सकाळी आला. तिशीतला, उन्हानं रापलेला, कमी बोलणारा. खांबावर बसवायचं यंत्र, हातात त्या यंत्राचा छोटा पडदा, बगलेत मूळ नकाशाची नक्कल. आप्पा आले, थोरला आला, बाकीच्या बाजूंचे शेजारी गंमत बघायला आले. लिंबाच्या सावलीत सतरंजी टाकून भूकरमापकानं आधी हजेरीच्या सह्या घेतल्या.

'कुणाला काही सांगायचंय का? सुरू करायच्या आधी सांगा, जबाब लिहून घेतो.'

आप्पा म्हणाले, 'लिहा. ही विहीर आणि भोवतालचे वीस गुंठे मी हिच्या सासऱ्याला अदलाबदलीत दिलेत. कागद राहिला. पण जमीन तिची. मोजायचं असेल तर तसं धरून मोजा.'

थोरला पुढे सरसावला. 'आप्पा, काय बोलताय?'

'तू गप.'

भूकरमापकानं पेन थांबवलं. 'आजोबा, मला नोंदलेल्या अभिलेखावर मोजावं लागतं. तोंडी अदलाबदल धरता येत नाही. पण दोघांचंही म्हणणं एकच असेल तर जबाब प्रकरणात राहील. पुढे कागद करताना कामाला येईल.' तो बाईंकडे वळला. 'काय, बाई? हे म्हणतात ते खरं आहे?'

आता बघा. एक 'हो' म्हणायचं होतं. सोपा शब्द. पण बाईंच्या डोक्यात त्या वेळी एकच चाललं होतं: हा म्हातारा मोजणीच्या आधीच विहीर आपल्या जागेत असल्याचं सरकारी कागदावर चढवतोय. आज मी मान्य केलं की विहीर मुळात त्याची होती, तर उद्या अदलाबदल झालीच नाही म्हणायला तो मोकळा. हुशारी म्हणतात ती ही. अशा हुशारीनं माणूस बुडतो.

'माझा जबाब मी स्वतः लिहिते,' बाई म्हणाल्या.

आणि लिहिला. सुवाच्य, गोल अक्षरात, समास सोडून. 'अशी कोणतीही अदलाबदल झालेली नाही. रस्त्यालगतचा तुकडा माझ्या सासऱ्यांनी विकलेला आहे. शेजारी सांगतात ते खोटे आहे. माझी जमीन अभिलेखाप्रमाणे मोजावी.' खाली सही, तारीख, आणि सवयीनं वेळसुद्धा टाकली. भूकरमापकानं नियमाप्रमाणे तो मोठ्यानं वाचून दाखवला. 'खोटे आहे' हे वाचताना त्याचा आवाज जरा खाली आला.

आप्पांनी काठी काखेत धरली. आपल्या जबाबाखाली त्यांनी सही केली, आणि ते घरी गेले. मोजणी बघायला थांबलेसुद्धा नाहीत.

दिवसभर काम चाललं. भूकरमापकानं जुने दगड शोधले, ओढ्याच्या कडेचा एक सापडला, रस्त्याच्या वळणावरचा दुसरा. बांध, झाडं, विहीर, गोठा, प्रत्येक ठिकाणी खांब उभा करून नोंदी घेतल्या. मग सावलीत बसून मूळ नकाशा त्यावर बसवला. तिसऱ्या प्रहरी तो उठला आणि मजुरांना म्हणाला, 'दगड घ्या.'

बाई बांधाकडे निघाल्या. तो दुसरीकडे निघाला. लिंबांच्या रांगांमधून, विहिरीला वळसा घालून, बाईंच्या घराच्या दिशेनं चालत राहिला, आणि घरापासून हाकेच्या अंतरावर थांबला.

'इथे.'

'इथे काय?'

'हद्द.'

बाईंना वाटलं याचं यंत्र बिघडलंय. त्यांनी तसं म्हटलंही. भूकरमापकानं शांतपणे पडदा दाखवला, मूळ नकाशा दाखवला, दोन्ही जुने दगड दाखवले. चुन्याची रेघ ओढली गेली. साठ झाडं आणि विहीर रेघेच्या पलीकडे होती. थोरला रेघेच्या कडेनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून आला. बाईंनी आणवलेले दगड बाईंच्याच मजुरांनी पुरले. पंचनाम्यावर 'हद्दीच्या खुणा दाखवल्या' म्हणून बाईंनी सही केली. अख्ख्या नोकरीत त्यांची सही कधी इतकी वाईट आली नव्हती.

त्या रात्रीपासून बाईंना आप्पांकडे जायचं होतं. उद्या जाऊ म्हणत आठवडा काढला. कोणत्या तोंडानं जाणार? लोकांसमोर 'खोटे आहे' असं लिहून दिलेलं. नवव्या दिवशी सकाळी आप्पा झोपेतच गेले. बाई गेल्या, नाडीसुद्धा त्यांनीच बघितली, दुसरं कुणी जाणतं जवळ नव्हतं म्हणून.

नकाशाची 'क' प्रत महिन्यानं मिळाली. सुबक काम होतं. ठळक रेघ अभिलेखातली हद्द, तुटक रेघ बाईंची वहिवाट, मधे वीस गुंठे, आणि त्या वीस गुंठ्यांत छोटं वर्तुळ काढून शेजारी लिहिलं होतं 'विहीर'. बांधाच्या कडेला थोरल्यानं कोरलेली मातीही दिसायला हवी होती, पण ती आता कशाला दिसणार? तो आपल्याच जमिनीत नांगरत होता.

त्याच आठवड्यात थोरल्याच्या वकिलाची नोटीस आली. ताबा सोडा.

बाई तालुक्याच्या वकीलबाईंकडे गेल्या. वकीलबाई तरुण, पण वाचून बोलणारी. तिनं नकाशा टेबलावर पसरला, चारी कोपऱ्यांवर पेपरवेट ठेवले.

'या नकाशानं जमीन कुणाची ते ठरत नाही,' ती म्हणाली. बाईंच्या जिवात जीव आला. 'रेघ कुठून जाते एवढंच यानं कळतं. मालकी कोर्ट ठरवेल. आणि ही तुटक रेघ बघा, ताबा तुमचा आहे हेही यातच लिहिलंय. नकाशा घेऊन कुणी तुम्हाला उद्या हुसकावू शकत नाही. त्यांना दावा लावावा लागेल.'

'परत मोजून घेता येईल?'

'निमताना मोजणी मागता येते, वरचा अधिकारी येईल. पण मूळ नकाशा तोच, दगड तेच. रेघ हलेल असं वाटत नाही. काका, तुम्ही हा चहा तिकडे ठेवा,' तिनं शिपायाला सांगितलं आणि पुन्हा वळली. 'आपल्याला सांगावं लागेल की हे वीस गुंठे तुमच्याकडे आले कसे. चाळीस वर्षांचा ताबा आहे. अदलाबदल झाली होती असं तुम्ही म्हणताय. नोंदवलेली नाही, पण निदान ताबा कशाच्या आधारावर ते तरी उभं राहील. सांगणारं कोण आहे?'

'आप्पा.'

'म्हणजे ज्यांनी दिली ते? मग प्रश्नच मिटला. कुठे असतात?'

'गेले.'

वकीलबाईनं पेन उचललं. 'काही हरकत नाही. मोजणीच्या वेळी लगतच्या लोकांचे जबाब घेतात. त्यांनी काही सांगितलं होतं का? त्यांची सही असेल तर आपण ते प्रकरण मागवू.'

बाईंनी फाईल उघडली. जबाबांच्या नकला त्यांनी मागून घेतल्या होत्या, दोन्हींच्या. वकीलबाईनं आप्पांचा वाचला आणि तिचा चेहरा उजळला. मग त्याच्या खालचा वाचला. दोनदा वाचला.

'हे तुम्ही लिहिलंय?'

'हो.'

'कुणी सांगितलं म्हणून?'

'कुणी नाही. माझं मीच.'

'त्यांनी जे तुमच्या बाजूनं सांगितलं, ते तुम्ही सहीनिशी खोटं ठरवलंत,' वकीलबाई हळूच म्हणाली. तिला बोलायला जड जात होतं हे दिसत होतं. 'लढू आपण. वर्षं जातील, आणि मी भरवसा देणार नाही. समोरचा वकील पहिल्याच दिवशी हा कागद तुमच्या हातात देईल आणि विचारेल, बाई, तेव्हा खोटं लिहिलं होतं की आता खोटं सांगताय?'

बाईंनी दोन्ही नकला उचलून फाईलीत ठेवल्या. बसमध्ये परत येताना त्यांनी मांडीवरची फाईल एकदाही उघडली नाही.

बसमधून उतरून त्या सरळ आप्पांच्या घरी गेल्या. अभिमान वगैरे आता काय करायचा होता? थोरला गोठ्यात होता. त्यानं खाट पुढे ओढली, बायकोला पाणी आणायला सांगितलं. पोरगा उद्धट नव्हता, बांध कोरणारा होता, एवढंच.

'आप्पांनी तुला अदलाबदलीचं कधी सांगितलं होतं?' बाईंनी विचारलं.

'मोजणीच्या आदल्या रात्री. त्याआधी आम्हाला काहीच माहीत नव्हतं, काकू. आईशप्पथ. मला वाटायचं बांध हीच हद्द.'

'मग खरं आहे म्हणतोस ते?'

'आप्पा खोटं बोलायचे नाहीत.' थोरल्यानं खाली बघितलं. 'त्यांनी निबंधक कचेरीत वेळसुद्धा घेतली होती. माझ्याकडूनच मोबाईलवर ऑनलाइन घ्यायला लावली. मी भांडलो, तर म्हणाले, उद्या मोजणीत तिला समजेल, घाबरून जाईल, परवा तिला घेऊन जायचं आणि कागद करून द्यायचा. गुरुवार, सकाळी अकरा. तुमचं नाव लिहिलं होतं त्यात.'

'मोजणीच्या दुसऱ्या दिवशी.'

'हो.'

'मग?'

'मग बुधवारी ते घरी आले आणि म्हणाले, रद्द कर. सूनबाई म्हणते मी खोटं बोलतो. मी रद्द केली.'

बाईंनी याचा काही कागद आहे का असं विचारलं नाही. त्यांना ते ऐकताक्षणीच पटलं, शब्दन् शब्द. पाण्याचा पेला त्यांनी खाली ठेवला.

'हे तू कोर्टात सांगशील?'

थोरला गव्हाणीला टेकून उभा राहिला. त्यानं बराच विचार केला, आणि बाईंना तेही दिसलं.

'नाही, काकू,' तो म्हणाला. 'विहिरीला पाणी आहे.'